समूहाचं नाव, परक्याची मालकी: उधारीवर माल देण्याआधी वाचा

भोसरीतल्या एका लहान सप्लायरचे ३८ लाख रुपये अडकले आहेत. त्याने चौकशी केली नव्हती असं नाही. केली होती, पण ज्या कागदावर विसंबला तो शिळा होता. उधारीवर माल देणाऱ्यांनी हे प्रकरण नीट समजून घ्यावं, म्हणून लिहीत आहोत. कंपन्यांना इथे क, ख, ग म्हणू.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'क' या खासगी कंपनीने ९० दिवसांच्या उधारीवर ऑर्डर दिली. क चं भरणा झालेलं भागभांडवल फक्त १ लाख रुपये. पण सोबत एक रंगीत तक्ता होता: सगळ्यात वर शेअर बाजारात नोंदलेला एक नामांकित समूह, त्याखाली 'ख' आणि ख च्या खाली क. जोडीला समूहाच्या लोगोवर एक हमीवजा पत्रही होतं. सप्लायरने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर दोन्ही कंपन्यांसाठी प्रत्येकी १०० रुपये भरून वार्षिक विवरणपत्र, म्हणजे MGT-7, पाहिलं. क चे सगळे शेअर ख कडे होते. (एक शेअर दुसऱ्या माणसाच्या नावावर होता. त्यात काही वावगं नाही, कारण खासगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात.) ख चे ७६ टक्के शेअर समूहाकडे. तक्ता खरा निघाला, माल गेला.

गफलत तारखेत होती. MGT-7 मध्ये ३१ मार्चची स्थिती असते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि त्यानंतर फॉर्म भरायला ६० दिवस मिळतात. म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलवर दिसणारा ताज्यातला ताजा फॉर्म ३१ मार्च २०२३ चा. एक फॉर्म असा वीस महिन्यांपर्यंत 'ताजा' म्हणून दिसत राहू शकतो. मधल्या काळात नवे शेअर वाटले तर PAS-3 भरावा लागतो, पण जुने शेअर एकाने दुसऱ्याला विकले तर त्या विक्रीचा वेगळा फॉर्म रजिस्ट्रारकडे जात नाही. समूहाने जून २०२३ मध्येच ख चे ५० टक्के शेअर 'ग' या सिंगापूरच्या कंपनीला विकले होते. ग कडे आधीचे २४ होते, ते ७४ झाले. समूहाकडे उरले २६.

हे फुकटात कळलं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या समूहाच्या वार्षिक अहवालात AOC-1 नावाचं विवरण असतं. भाग 'अ' मध्ये उपकंपन्या, भाग 'ब' मध्ये सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रम. २०२३-२४ चा अहवाल ऑगस्टमध्येच एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आला होता आणि त्यात ख भाग 'ब' मध्ये होती. नाव अहवालात सापडलं म्हणून थांबू नका, कोणत्या भागात आहे ते पाहा. सहयोगी कंपनीवर समूहाचा ताबा नसतो.

म्हणून शोध दोन्हीकडून घ्यायचा: वरून AOC-1, खालून MGT-7. दोन्ही जुळले नाहीत तर ज्याची तारीख नंतरची तो कागद खरा धरा आणि कंपनीकडून सभासद नोंदवहीचा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित केलेला आजच्या तारखेचा उतारा मागा. वर चढताना टक्क्यांचा गुणाकार करू नका. ६० टक्क्यांच्या तीन पायऱ्यांचा गुणाकार २१.६ येतो, पण तो आर्थिक वाटा झाला. प्रत्येक पायरीवर निम्म्याहून जास्त मतं असल्यामुळे ताबा सलग वरपर्यंत जातो. ज्याच्यावर असा दुसरा कोणी उरत नाही, ती अंतिम मूळ कंपनी. मात्र संचालक मंडळ नेमण्याच्या हक्कातूनही ताबा येतो आणि तो टक्क्यांत दिसत नाही. तिथे भागधारकांचा करार मागावा लागतो.

इथे साखळी ग पाशी थांबली नाही. सिंगापूरच्या नोंदणी कार्यालयातून पैसे भरून भागधारकांची नावं मिळतात. ग चा एकमेव भागधारक निघाला मॉरिशसची एक कंपनी आणि तिथली सभासद यादी लोकांसाठी खुली नसते. अशा ठिकाणी BEN-2 उपयोगी पडतो, कारण पडद्यामागच्या खऱ्या मालक व्यक्तीची नोंद त्यात करावी लागते. तो क चा नव्हे, ख चा शोधा. वर भारतीय कंपनी असेल तर खालची कंपनी आपल्या फॉर्ममध्ये फक्त तिचं नाव देते. ख ने तो भरलेलाच नव्हता. एवढी उलाढाल आणि BEN-2 नाही, ही एकच गोष्ट उधारी नाकारायला पुरेशी होती.

ते पत्रही पोकळ होतं. लोगो समूहाचा असला तरी सही क च्याच संचालकाची. शिवाय मूळ कंपनी खरी असली तरी उपकंपनीचं देणं आपोआप तिच्यावर येत नाही. हमी हवी असेल तर जी कंपनी हमी देते तिच्याच संचालक मंडळाचा ठराव आणि तिच्याच अधिकृत व्यक्तीची सही घ्या, आणि माल गाडीत चढण्याआधी घ्या. या सप्लायरने समूहाकडे नोटीस पाठवली तेव्हा उत्तर आलं: 'ती आमची उपकंपनी नाही.' ते खरंच होतं. आता दावा उरला आहे तो फक्त क वर.