खतावणीचं वाकलेलं पान: काच की स्कॅनटेलर?

वेंगुर्ल्याच्या एका मित्राकडे आजोबांच्या दुकानाची खतावणी आहे. डाव्या पानाचे रुपये-आणे-पै हे रकाने नेमके शिवणीत बुडतात. फोटो काढताना पानावर काच दाबावी की नंतर संगणकावर स्कॅनटेलर या प्रोग्राममध्ये पान सरळ करावं, असं त्याने विचारलं.

काच स्वस्त, आणि रकान्यांची रुंदी फोटोत मुळातच खरी येते. दिवा मात्र बाजूने लावा, नाहीतर चकाकी आकड्यांवरच पडते. पण कोकणातल्या दमटपणाने शिवण कुजलेली असेल, तर दाबताच पानं सुटतात.

स्कॅनटेलर फुकट आहे, वहीला धक्का नाही. वेळ मात्र पानागणिक जातो. वरची आणि खालची वक्ररेषा छापील आडव्या रेघांवर बसवली की ओळी सरळ होतात. फसगत इथेच होते: ओळी सरळ, तरी पैचा रकाना चिंचोळाच. मग Depth perception ची पट्टी सरकवून तो उजव्या पानावरच्या पैच्या रकान्याएवढा करायचा. मूळ फोटोत तिरके, पुसट आलेले आकडे मात्र ताणून वाचता येत नाहीत.

शिवण धड असेल तर काच. सैल असेल तर वही अर्धीच उघडा, कॅमेरा त्या पानासमोर धरा आणि उरलेला बाक स्कॅनटेलरवर सोडा.