माल संपल्यावर लिस्टिंग शून्यावर ठेवली : आठ महिन्यांचा अनुभव

हे लिहायला बसलो ते कालच्या एका नगामुळे. त्यावर येतोच.

मी ऑनलाइन शॉपिंग साइटवर लॅपटॉप स्टँड विकतो. आठ महिन्यांपूर्वी एक स्टँड संपला, तेव्हा विक्रेत्याचं पॅनल स्वच्छ दिसावं म्हणून मी लिस्टिंग डिलीट केली. माल आल्यावर घाईत नवीन उत्पादन म्हणूनच चढवली, म्हणजे नवा कॅटलॉग क्रमांक. जुने दोनशे बारा रिव्ह्यू जुन्या क्रमांकाला चिकटून राहिले आणि नव्या पानावर शून्य. जुन्याच क्रमांकावर आपला माल जोडला असता, तर ते रिव्ह्यू परत दिसले असते. हे मला नंतर कळलं, डोक्याला हात लावल्यावर.

दुसऱ्या खेपेपासून डिलीट बंद. फक्त संख्या शून्य. पान, फोटो, रिव्ह्यू सगळं जागेवर. या पद्धतीला पाच तारे द्यायला मी तयारच होतो.

पण सहा आठवडे शून्यावर राहिल्यावर एक तारा काढला. रिव्ह्यू टिकतात, शोधातली रँक टिकत नाही. ती ताज्या विक्रीवर चालते आणि विक्री थांबली की घसरते. त्यामुळे आता मी माल संपायची वाटच बघत नाही. मागच्या वेळी चाळीस नग उरले होते, रोज सहा जात होते आणि नवा माल पंधरा दिवसांवर होता. म्हणजे आठवडाभरातच खडखडाट. आधी जाहिरात बंद केली, मग सवलत काढली. विक्री रोज तीनवर आली आणि माल तेरा दिवस पुरला. शून्यावर राहिलो ते फक्त दोन दिवस. किंमत दुप्पट करून विक्री अडवायचा सल्ला मिळतो, पण एवढी उडी मारली की पानावरचं खरेदीचं बटणच जाऊ शकतं. पाठवण्याची मुदत लांबवून ऑर्डर घेणं त्याहून वाईट. माल उशिरा आला की रद्द ऑर्डरींचा डाग खात्यावर बसतो.

आता तो नग. काल माझ्या दुसऱ्या एका स्टँडची ऑर्डर रद्द झाली आणि पॅनलने आपणहून शून्याचा एक केला. लिस्टिंग जिवंत झाली आणि माल नसताना आपोआप थांबलेली त्याची जाहिरातीची कॅम्पेनही उठून बसली. नग एक, तो सकाळीच गेला, पण तोवर क्लिकांचा खर्च स्टँडच्या नफ्यापेक्षा जास्त! मदत केंद्राचं उत्तर आलं, 'ही अपेक्षित वर्तणूक आहे.' अपेक्षित कोणाला, ते नाही सांगितलं.

आता संख्या शून्य झाली की कॅम्पेन मी हातानेच थांबवतो, आणि परत सुरू करतो ती माल मोजून झाल्यावरच. तारे तीन. त्यातला एक तरी त्या दोनशे बारा रिव्ह्यूंच्या आठवणीचा आहे.