बाइंडर, पुढून चेनची स्पोर्ट्स ब्रा की क्रेप बँडेज: खान्देशच्या उन्हात काय घालावं?

क्रेप बँडेजचा विषय आधी संपवतो. मेडिकलवर सहज मिळतं, स्वस्त असतं आणि घरी कोणी पाहिलंच तर "पाठ भरली" म्हणता येतं, म्हणून छाती सपाट दिसावी यासाठी ती बांधणाऱ्या बऱ्याच ट्रान्स मुलांची सुरुवात त्यानेच होते. पण छाती श्वासागणिक फुगायला हवी, आणि अंगाभोवती वेढे दिलेली पट्टी तिला फुगू देत नाही. हालचालीने वेढे सरकतात, एखादी कड दोरीसारखी होऊन एकाच बरगडीवर दाबते. पूर्वी बरगडी मोडली तर डॉक्टर छाती आवळून बांधत. आता तसं करत नाहीत, कारण उथळ श्वासाने फुफ्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. मोडलेल्या बरगडीवर जे बांधायचं थांबवलं, ते धडधाकट बरगडीवर कशाला बांधायचं? पॅकिंगची चिकटपट्टीही याच खात्यात टाका.

खरी निवड उरते ती बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट करणारा बनियनसारखा घट्ट कपडा, आणि घट्ट स्पोर्ट्स ब्रा यांच्यात. सपाटपणात बाइंडर पुढे आहे, यात वाद नाही. मापाचा असेल आणि मर्यादेत घातला तर अनेकांना तो चांगला जमतो. मर्यादा म्हणजे दिवसात जास्तीत जास्त आठ तास, नव्या माणसाने दोन-तीन तासांपासून सुरुवात, झोपताना आणि खेळताना नाही, आठवड्यात काही दिवस पूर्ण सुट्टी. अजून सपाट दिसेल म्हणून एक साइज लहान घेऊ नये, एकावर एक दोन तर नाहीच. वाढत्या वयात छातीचं माप बदलतं, तेव्हा टेप काही महिन्यांनी पुन्हा धरावा.

आता भुसावळहून जळगावला कॉलेज आणि वर क्लास करणाऱ्या मुलाचा हिशेब करा. सकाळची गाडी, संध्याकाळी परत. आठ तास कधीच उलटून जातात.

माझा कल मात्र ठरला तो वेगळ्याच गोष्टीवरून. बिनचेनचा साधा बाइंडर डोक्यावरून काढावा लागतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, घामाने भिजलेला बाइंडर खांद्यापर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. हात वर, कापड गळ्याशी, श्वास आधीच तोकडा. एसटी स्टँडच्या बाथरूममध्ये हे करून बघावं आणि मग मला सांगावं. त्रास होतोय हे कळून उपयोग काय, जर ती वस्तू झटकन अंगावेगळी होत नसेल?

पुढून चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा एका ओढीत उघडते. छाती तितकी सपाट होत नाही, हे खरं. त्यावर ढगळ, गडद, चौकड्यांचा शर्ट घातला की माझं भागतं. भरलेली छाती असेल तर कदाचित भागणार नाही, मग चेनचा किंवा बाजूने हुक असलेला बाइंडर बघावा. हिवाळ्यात, दोन-चार तासांच्या लग्नाला, मीही बाइंडर काढतो कपाटातून. आठ तासांची मर्यादा आणि झोपताना नाही हे नियम ब्रा आवळ असेल तर तिलाही लागू.

ओळखीतला बारावीचा एक मुलगा क्रेप बँडेज बांधायचा. एके दिवशी म्हणाला, "दादा, बरगडी दुखस." सगळीकडे दुखतं का विचारलं, तर त्याने एका जागी बोट ठेवलं. तिथे दाबलं, खोकला किंवा हसला की कळ यायची, आणि पट्टी सोडून रात्र गेली तरी ती होतीच. दिवसभराने पाठ-खांदे अवघडणं वेगळं, ते मोकळं झाल्यावर उतरतं. एकाच बिंदूची, श्वासाबरोबर येणारी कळ म्हणजे बरगडीला इजा झाल्याची शंका घ्यायची. त्याने बांधणं बंद केलं आणि डॉक्टरांकडे गेला. बारीक तडा एक्स-रेमध्ये दरवेळी दिसतोच असं नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला तरी डॉक्टरांनी विश्रांतीच सांगितली. अशी बरगडी भरायला साधारण सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस तो ढगळ शर्टावर राहिला. कुरकुरला, पण राहिला.

बोटांना मुंग्या येणं, हात बधिर होणं, चक्कर, पूर्ण श्वास न घेता येणं, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी काढायचं, तास मोजत बसायचं नाही. घामोळं समजून सोडलेली काखेखालची लाल, खाजरी चकती बऱ्याचदा नायटा निघते. कातडी सोलवटली असेल तर भरेपर्यंत त्यावर काही घट्ट नको. सर्दी-खोकला किंवा दमा उसळला असतानाही नको. काढल्यावरही धाप किंवा छातीतलं दुखणं थांबत नसेल, शुद्ध हरपली किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर थेट १०८.

दवाखान्यात स्वतःबद्दल सगळं सांगायची तयारी नसेल तर "छातीला रोज घट्ट कापड बांधतो, इतके तास" एवढं तरी सांगावं. तेवढ्यावरून डॉक्टरांना कुठे दाबून बघायचं ते कळतं.