रेशमी रिबनचा गुलाब: जाळ्याचा की सुट्या पाकळ्यांचा?

रिबनने गुलाब भरायचा तर बहुतेकजणी दोन प्रकारांतून एक निवडतात. पहिला जाळ्याचा, म्हणजे स्पायडर वेब, आणि दुसरा सुट्या पाकळ्यांचा. दिसायला दोन्ही छान. पण निवडताना रूपापेक्षा रिबन कापडातून किती वेळा ओढावी लागते आणि तिला पडणारा पीळ चालतो की नाही, हे आधी पाहावे असे मला वाटते.

जाळ्याच्या गुलाबात आधी रिबनच्याच रंगाच्या पक्क्या दोऱ्याने मध्यापासून बाहेर पाच आरे घालतात, प्रत्येक साधारण एक सेंटिमीटरचा. आऱ्यांची संख्या विषमच हवी, नाहीतर दुसऱ्या फेरीत वर-खाली क्रम पहिल्यासारखाच येतो आणि विण बसत नाही. रिबन मध्याजवळून वर काढायची आणि एका आऱ्यावरून, दुसऱ्याखालून फिरवत न्यायची. सुई उलटी धरून नेढ्याची बाजू पुढे ठेवली की टोक कापडात किंवा आऱ्यात अडकत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत रिबनला मुद्दाम पीळ द्यायचा आणि जरा घट्ट ओढायचे, त्यातून मिटलेली कळी तयार होते. नंतर हात सैल सोडायचा. मधेच रिबन आपोआप उलटली तरी ती पाकळीची दुमड वाटते. आरे पूर्ण झाकले की रिबन शेवटच्या फेरीखालून मागे न्यायची. सगळ्या गुलाबात रिबन कापडातून दोनदाच गेली.

सुट्या पाकळ्यांच्या गुलाबात मधे गाठीचा टाका, त्याभोवती तीन पाकळ्या आणि त्यांच्या फटींवर पाच. आठ पाकळ्या म्हणजे सोळा वेळा कापडातून ये-जा, आणि इथे पीळ अजिबात चालत नाही. रिबन जिथून वर येते तिथेच ती चुरगळते, म्हणून तिथे डाव्या अंगठ्याने ती सपाट धरावी, दुसरी बोथट सुई तिच्याखाली घालून लांबीभर सरकवावी आणि रिबन पसरल्यावरच टाका खाली न्यावा. दोन-तीन पाकळ्या झाल्या की काम उलटे करून सुई मोकळी लोंबू द्यावी, साठलेला पीळ आपोआप सुटतो. एवढे केले तर पाकळ्या इतक्या जिवंत दिसतात की जाळ्याचा गुलाब त्यांच्याशी बरोबरी करू शकत नाही.

ओवण्याची पद्धत दोन्हींना एकच. सुई चेनीलची, टोकदार आणि लांब नेढ्याची: चार मिलिमीटर रिबनला २० किंवा २२ नंबर, सात मिलिमीटरला १८. नंबर जितका लहान तितकी सुई जाड, आणि इथे जाड सुईच हवी, कारण रिबन सहज जाईल एवढे भोक सुईने पाडायचे असते. रिबन ओढताना कापड वर उचलले जात असेल तर सुई बारीक आहे, काठाच्या दशा तिथेच निघतात. तुकडा तीस-पस्तीस सेंटिमीटरचाच घ्यावा आणि टोक तिरपे कापावे. ओवल्यावर टोकापासून अर्धा सेंटिमीटर आत सुईचे टोक रिबनमधूनच आरपार घालून लांब बाजू ओढली की रिबन नेढ्यावर घट्ट बसते आणि घासत नाही. नेढ्याजवळची किनार केसाळ दिसू लागली की तेवढा भाग कापून पुन्हा ओवावे. पॉलिएस्टर सॅटिनचे टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करतात तसे इथे करू नये, रेशीम वितळत नाही, जळते.

पानांसाठी माझा कौल रिबन टाक्याला. रिबन सपाट पसरायची, पानाच्या टोकाशी तिच्याच मधोमध सुई घालायची आणि अगदी सावकाश ओढायचे. दोन्ही कडा आत वळल्या की त्याच क्षणी थांबावे. आणखी ओढले तर वळण नाहीसे होऊन टोकाशी नुसती सुरकुती उरते. लेझी डेझीचे पान चार वेळा कापडातून जाते, शिवाय फासात पीळ पडला की पान काडीसारखे दिसते. मात्र इस्त्रीखाली रिबन टाक्याचे वळण चपटे होते, लेझी डेझी त्यामानाने टिकते.

समजा सुती ब्लाउजच्या बाहीवर तीन गुलाब आणि सात पाने भरायची आहेत. कापड घट्ट विणीचे, धुणे ठरलेले, दंडाची घासाघासही होणार. इथे मी चार मिलिमीटर रिबनचे जाळ्याचे गुलाब घेईन, पाने लेझी डेझीची, आणि मागची टोके गाठ न मारता साध्या दोऱ्याने टाचेन. मागून एका पानाहून दुसऱ्यावर उडी घ्यायची नाही, पुढची सुई त्या रिबनमध्ये घुसून ती फाडते. धुण्याआधी त्याच रिबनचा तुकडा पांढऱ्या ओल्या कापडावर दाबून रंग सुटतो का पाहावे आणि इस्त्री उलट बाजूने, जाड टॉवेलवर ठेवून करावी. हेच काम चौकटीत लावायचे असेल तर सात मिलिमीटरच्या सुट्या पाकळ्या आणि रिबन टाक्याची पाने घ्यावीत.