काकुरोची ‘एकच संच’वाली यादी: सात महिने वापरल्यावर

काकुरो म्हणजे प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत दिलेली बेरीज येईल असे १ ते ९ मधले आकडे, एका ओळीत कुठलाही दोनदा न वापरता, भरायचं कोडं. मी ही कोडी पुस्तकातली सोडवते, पेन्सिलने, आणि गेले सात महिने हाताने लिहिलेला एक पुठ्ठा सोबत असतो. त्यावर फक्त अशा बेरजा आहेत ज्यांना आकड्यांचा एकच संच बसतो. दोन घरांत ३ म्हणजे १-२, ४ म्हणजे १-३, १६ म्हणजे ७-९, १७ म्हणजे ८-९. तीन घरांत ६, ७, २३ आणि २४, म्हणजे १-२-३, १-२-४, ६-८-९ आणि ७-८-९. पाठ करायला अर्धीच यादी लागते, कारण प्रत्येक आकडा १० मधून वजा केला की दुसरी अर्धी मिळते, १-२-४ चे ९-८-६ होतात आणि ७ ची बेरीज २३ होते.

पहिला महिनाभर मला वाटायचं यादी आहे म्हणजे झालं, पण संच कळला तरी कुठला आकडा कुठल्या घरात ते कळत नाही ना, ते कळतं आडवी आणि उभी ओळ जिथे छेदतात तिथे. एक छोटं कोडं सांगते, कागदावर काढूनच बघा. वरची आडवी ओळ दोन घरांची, बेरीज १६. मधली तीन घरांची, २३. खालची दोन घरांची, ७, पण ती दुसऱ्या रकान्यापासून सुरू होते. उभ्या बेरजा डावीकडून १७, २२, ७. वरच्या कोपऱ्यात १६ आणि १७ भेटतात, ७-९ आणि ८-९ मध्ये कॉमन फक्त ९, म्हणून तिथे ९, शेजारी ७, खाली ८. आता २३ मधला ८ वापरून झाला, उरले ६ आणि ९. शेवटच्या रकान्याची बेरीजच ७ आहे, तिथे ९ मावणार कसा, म्हणून तिथे ६ आणि त्याखाली १. मग मधोमध ९ आला, २२ पुरा करायला त्याखाली ६, आणि खालची ओळ ६ अधिक १, बरोबर ७. कुठेही अंदाज लावावा लागला नाही.

माझ्या सगळ्यात जास्त चुका घरं न मोजल्यामुळे झाल्या. १६ दिसला की हात आपोआप ७-९ लिहितो, पण ओळ तीन घरांची असेल तर १६ चे आठ संच होतात. अशी चूक लगेच दिसत नाही, चार-पाच घरं पुढे गेल्यावर एखाद्या ओळीत तोच आकडा दोनदा यायला लागतो तेव्हा कळते, आणि मग बरंच खोडावं लागतं. आता मी आधी घरं मोजते, मग बेरीज वाचते.

छेदातून दर वेळी एकच आकडा निघतो असंही नाही. दोन घरांचा १६ आणि तीन घरांचा २४ भेटले तर ७ आणि ९ दोन्ही शक्य असतात, तेव्हा दोन्ही बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहून पुढे जायचं. दोन-दोन संचांच्या बेरजा मी हल्लीच पुठ्ठ्यावर वाढवल्या, तीन घरांत ८ म्हणजे १-२-५ किंवा १-३-४, पण १ दोन्हीकडे आहेच, आणि उलट २२ मध्ये ९ असतोच. अवघड कोड्यांत मला ह्याच जास्त उपयोगी पडतायत.