ब्लीचचे डाग पडलेला कुर्ता: पेन, रंगारी की बुट्टी?

शेजारच्या घरची सून गेल्या आठवड्यात कुर्ता घेऊन आली. गडद निळा, सुती, गळ्याशी पांढऱ्या सुती दोऱ्याचा कशिदा. बाथरूम धुताना ब्लीच उडालं होतं. गुडघ्याजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढा एक डाग, त्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे दोन, आणि खाली घेराकडे तिळासारखे चार-पाच ठिपके. "काकू, रंग परत येईल का हो? आईंनी सांगितलं लिंबू चोळ म्हणून."

लिंबू चोळलं नव्हतं, हे बरं झालं. आम्लाने ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो आणि रंगाला त्याचा काडीचा उपयोग नाही. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नये म्हणतात ते याच कारणाने.

रंग परत येत नाही, कारण हा मुळात डागच नव्हे. हळद किंवा तेल कापडावर येऊन बसतं, म्हणून ते काढता येतं. इथे कापडावर काही आलेलं नाही, होतं ते गेलंय. रंगाच्या रेणूत काही जोड असतात, ते ठरावीक प्रकाश शोषतात आणि म्हणून आपल्याला निळं दिसतं. ब्लीच हे जोडच तोडतं. उरलेल्या तुकड्यांना रंग नसतो, आणि त्यांतले बरेचसे पुढच्या धुण्यात निघूनही जातात. साबण, सोडा, व्हिनेगर, कशानेही ते पुन्हा जुळत नाहीत. तिच्या डागांची कड गुलाबीसर होती, त्याचं कारणही हेच. गडद निळा बहुधा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो. निळा आधी तुटला आणि तांबूस थोडा टिकून राहिला. शंका असेल तर डाग ओला करून पाहावा. तेलाचा डाग बाजूच्या कापडापेक्षा गडद दिसतो, ब्लीचचा ओल्यातही फिकाच राहतो.

झाकण्याचा विचार करण्याआधी एक काम करावंच लागतं. धाग्यात उरलेलं ब्लीच कापूस खात राहतं. मग आज डाग असतो तिथे चार धुण्यांनंतर भोक पडतं. वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धुऊन, लिटरभर पाण्यात चमचाभर हायपो घालून कापड पंधरा मिनिटं भिजवायचं आणि पुन्हा धुवायचं. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर वापरायचे ते. ते नसेल तर औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून चालतं, तेही उरलेलं ब्लीच मारतं. मग डागाच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकं ताणून पाहायचं. धागे विरळ होताना दिसले, तर पुढचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

आता तिच्यापुढे तीन वाटा होत्या.

सगळ्यात स्वस्त म्हणजे कापडावरचा पेन. तिळाएवढ्या ठिपक्यांना मी दुसरं काही सुचवतच नाही. मात्र साधा पर्मनंट मार्कर नको, त्याची शाई काही धुण्यांत जांभळट होते. शिवणीतल्या जास्तीच्या कापडावर आधी एक रेघ ओढायची, वाळू द्यायची आणि उन्हात नेऊन पाहायची. ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेला निळा दारात गेल्यावर हिरवट निघतो, हे मी एकदा नव्हे, अनेकदा भोगलंय. रंग पातळ हाताने, कडेकडून आत, दोन-तीन वेळा द्यायचा, नंतर वर कापड ठेवून इस्त्री फिरवायची. डाग नाण्याएवढा झाला की पेन हरतो. मोठ्या भागात रंग सपाट दिसतो, कापडाची वीण दिसेनाशी होते, आणि लांबूनही कळतं की इथे काहीतरी फासलंय.

दुसरी वाट रंगाऱ्याची, आपल्या इंदुरात रंगरेज म्हणतात त्याची. सगळा कुर्ता काळा करून घेणं ऐकायला सोपं वाटतं, पण हिशोब मांडून पाहा. नवा काळा रंग डागावर आणि बाजूला सारखाच चढतो. बाजूला जुना निळा अधिक नवा काळा, डागावर मात्र नुसता काळा. म्हणून डाग राखाडी सावलीसारखा डोकावतो, उन्हात तर नक्कीच. चांगला रंगारी आधी डागांवर तेवढाच रंग टिपतो आणि मग अख्खं कापड भांड्यात घालतो. तसं करणार का, हे विचारूनच कपडा द्यावा. शिवाय सुताचा रंग पॉलिएस्टरवर चढत नाही, त्यामुळे शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर जुन्याच रंगाचा राहतो. कापडच मिश्र असेल तर सगळंच पुसट होतं. ओळखायला आतल्या बाजूचा एक धागा जाळायचा. सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. साधा, बिनकशिद्याचा, अंगभर शिंतोडे उडालेला सुती कपडा असता, तर मी रंगाऱ्याकडेच पाठवला असता. पण या कुर्त्याचा जीव त्या गळ्यात होता. सुती दोऱ्याचा पांढरा कशिदा काळ्या रंगात गेला की गेलाच. ही वाट तिथेच बंद झाली.

राहिली बुट्टी. वरून कापड लावायचं किंवा भरतकाम करायचं. या दोहोंत माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या डागावर थेट भरतकाम नको. ब्लीच लागलेला धागा कमजोर असतो आणि दाट टाक्यांनी त्याची चाळणी होते. लावलेलं कापड डागाच्या चारी बाजूंना अर्धा इंच पुढे, धडधाकट भागावर गेलं पाहिजे, म्हणजे टाक्याचा ताण तिथे येतो.

शीतलामाता बाजारातून तिने बाग छापाचा लाल-पांढरा तुकडा आणला. धार जिल्ह्यातल्या बाग गावचा तो ठसठशीत लाल निळ्यावर फार खुलतो. तुकडा आधी दोनदा धुऊन घेतला, तो आटायचा तर आधीच आटू दे, आणि लाल सुटतो का तेही कळतं. त्याची तीन पानं कापली, कडा आत दुमडून टाचल्या, बारीक लपवलेल्या टाक्याने शिवल्या. पण तीन पानं फक्त गुडघ्यापाशी राहिली असती तर ठिगळंच दिसली असती. म्हणून डाग नसलेल्या ठिकाणी आणखी दोन लावली, एक दुसऱ्या बाजूच्या कळीवर आणि एक बाहीच्या टोकाशी. नकली पानांनी खऱ्या पानांना आडोसा दिला.

सिल्क असतं तर यातलं काहीच सांगितलं नसतं. ब्लीच रेशीम आणि लोकर पिवळी करतं, विरघळवतंही, आणि तिथे नुसता तेवढा भाग कापून टाकायचा की नाही एवढाच प्रश्न उरतो.

घेराकडचे तीळ मात्र पेनानेच भरले. दारात उभं राहून पाहिल्यावर एक जरा हिरवट वाटला, म्हणून त्यावर तिसरा हात दिला.