‘ताप होता’, ‘जमलं नाही’ की ‘दमले होते’? चुकलेल्या घरभरणीनंतर काय सांगावं

मिरजेतल्या दवाखान्यात काम करणारी एक नर्स समजा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा सलग तीन रात्रपाळ्या, रात्री आठ ते सकाळी आठ. रविवारी तासगावला मावसबहिणीची घरभरणी, जेवण साडेबारापासून. ही नऊला घरी पोचली, अंघोळ केली, साडी काढून ठेवली, दहा मिनिटं पाठ टेकली आणि जाग आली ती संध्याकाळी पाचला. मोबाइलवर ताईचे तीन मिसकॉल. घरात ताप नाही, अपघात नाही, पाहुणे नाहीत. ती दमली होती, एवढंच.

आता ताईला काय सांगायचं? तीन वाटा असतात: दुसरंच कारण सांगणं, ‘जमलं नाही गं’ म्हणून मोघम सोडणं, किंवा खरं सांगणं. प्रत्येकीत काय बिघडतं ते आधी पाहू.

दुसरं कारण

पहिल्या दिवशी ही वाट सगळ्यात सोपी वाटते. आजारपणावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. पण सांगली-मिरज-तासगाव या पट्ट्यात आजाराची बातमी तिथेच थांबत नाही. ताई मावशीला सांगते, मावशी तुमच्या आईला फोन करते, आणि मंगळवारी कोणीतरी शहाळं घेऊन दारात उभं राहतं. मग आईलाही खोट्यात ओढावं लागतं. ‘गाडी बंद पडली’ हे त्याहून कच्चं, कारण त्यावर लगेच येतं, “मग फोन का नाही केलास? पोराला गाडी घेऊन पाठवलं असतं.” याला उत्तर नसतं. आणि पोराला ताप आल्याचं सांगणं तर बऱ्याच जणांच्या मनालाच पटत नाही, नंतर खरंच ताप आला की जीव खातं.

खोटं उघडं पडतं ते बहुतेक बारीकशा गोष्टीतून. रविवारी संध्याकाळी सहाला ठेवलेलं स्टेटस, गणपती पेठेत भाजी घेताना दिसणं, दवाखान्यातल्या मैत्रिणीचं सहज बोलणं. तसं झालं की घरभरणीला न येण्याचा राग मागे पडतो आणि ‘माझ्याशी खोटं बोलली’ हा राग उरतो. पहिला आठ दिवसांत निवतो, दुसरा पुढच्या प्रत्येक खऱ्या कारणावर संशय आणतो. खरोखर आजारी पडाल तेव्हाही.

मोघम ‘जमलं नाही’

यात खोटं नसतं, म्हणून बहुतेक जण हाच मार्ग धरतात. लांबच्या ओळखीत, पत्रिका व्हॉट्सॲपवर आली असेल आणि तीनशे पानांच्या पंगतीत तुमची जागा रिकामी दिसणारही नसेल, तिथे हे पुरतं. ‘कार्यक्रमाला येणं झालं नाही, घर छान झालं असणारच, एकदा येऊन बघते’ एवढं लिहिलं की झालं.

जवळच्या नात्यात मात्र मोघमपणा नडतो. कारण सांगितलं नाही की समोरचा स्वतः कारण शोधतो, आणि ते खऱ्यापेक्षा वाईटच असतं: ‘मागच्या वेळच्या बोलण्याचा राग असेल’, ‘आमचं घर लहान म्हणून’, ‘आहेर चुकवायला’. मोघममधला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ‘वेळच मिळाला नाही’. वेळेची सबब आणि पैशाची सबब यांची तुलना करणारा एक अभ्यास 2021 साली ग्राहक मानसशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकात आला होता. वेळ नाही म्हणून आमंत्रण नाकारलं की विचारणाऱ्याला जास्त दुरावा वाटतो, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे: पैसा नसणं माणसाच्या हातात नाही असं लोक धरतात, वेळ काढणं मात्र हातात आहे असं धरतात. ताईच्या कानाला ते ‘तुझ्यासाठी काढला नाही’ असंच ऐकू येतं.

खरं कारण

आमचं मत सरळ याच बाजूचं आहे, पण एक अट आहे. नुसतं ‘दमले होते’ म्हणणं ही माफी नव्हे. घरभरणीच्या दिवशी ताई पहाटे तीनला उठलेली असते. गुरुजींचं सामान, होमाची तयारी, आचारी, पाण्याचा टँकर, रुसलेली एक नणंद, हे सगळं तिनं उभ्यानं निभावलेलं असतं. तिच्यापुढे स्वतःचा दमवा मांडला की कोण जास्त दमलं याची तुलना सुरू होते आणि त्यात तुम्ही हरता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चूक, मग एका वाक्यात कारण, मग भरपाई. माफीच्या सहा घटकांची तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात वजनदार ठरला तो ‘चूक माझी’ असं सरळ कबूल करणं, त्याखालोखाल नुकसान भरून काढायची तयारी, आणि सगळ्यात हलका ठरला तो ‘मला माफ कर’ असं मागणं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: ‘सॉरी गं, माफ कर, प्लीज रागावू नकोस’ पाच वेळा म्हटलं जातं आणि चूक कोणती ते एकदाही नाही. ‘रागावू नकोस’ म्हटल्यावर तर ताईलाच तुमची समजूत काढायला लागते.

चूक कोणती, हेही नीट ओळखायला हवं. झोप लागली ही चूक नाही. तीन रात्रींनंतर ती लागणारच होती हे माहीत असताना शनिवारीच ‘उद्या कदाचित जमणार नाही’ असं सांगितलं नाही, आणि ताई फोन करत राहिली, ही चूक. माफी याची मागायची.

शब्दही जपून निवडावा लागतो. आपल्या भागात अंग दुखून आलं तरी ‘लय कंटाळलोय’ म्हणायची सवय आहे. बोलताना चालतं, माफीत चालत नाही. पुण्या-मुंबईकडच्या जावेला ‘कंटाळा आला होता’ म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा कंटाळा असंच कळतं. ‘अंगात त्राण नव्हतं’, ‘बसले ती झोपलेच’ हे कुठेही सारखंच कळतं. आणि ‘दमले होते’ला नेहमी मोजता येईल असं काहीतरी जोडावं, ‘सलग तीन रात्री’, ‘तोडणीचा अठरावा दिवस’. मोजमाप नसलेला दमवा सबबीसारखा ऐकू येतो.

गाडी चालवण्याच्या भीतीनं निघाला नसाल तर तेही जरूर सांगा, ते क्षुल्लक कारण नव्हे. शनिवारी दुपारी चारला उठलेली नर्स रविवारी अकराला दुचाकीवर बसली असती तेव्हा तिला जागून एकोणीस तास झाले असते. सतरा तासांहून जास्त जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. पण ही भीती खरंच वाटली असेल तरच सांगावी. आपली नर्स झोपून गेली होती, तिनं हे कारण उसनं घेतलं तर ती पुन्हा पहिल्याच वाटेवर गेली.

निरोप, फोन की भेट

यात एकच निवडायचं नसतं, तिन्हींची वेळ वेगळी आहे. जाग आली त्याच संध्याकाळी दोन ओळींचा निरोप, कारणाशिवाय: “ताई, आज मी आले नाही आणि फोनही उचलला नाही. चुकलं माझं. उद्या बोलते.” त्या संध्याकाळी तिच्या घरी उरलेल्या पाहुण्यांची जेवणं आणि आचाऱ्याचा हिशेब चाललेला असतो, लांब खुलासा वाचायला ती मोकळी नसते. पण निरोपच नसेल तर रात्री अंथरुणावर पडल्यावर ती आलेल्यांची यादी मनात घोळवते, आणि तिथे तुमचं नाव रिकामं राहतं.

दुसऱ्या दिवशी फोन. सकाळी नको, भाड्याची भांडी आणि मांडव परत जात असतो. संध्याकाळी सातनंतर बरं. बोलणं असं:

“ताई, काल मी यायला पाहिजे होतं. शनिवारीच तुला सांगायला हवं होतं की सलग तीन रात्री ड्युटी आहे, जमेल की नाही सांगता येत नाही. सांगितलं नाही, तू वाट बघत बसलीस. सकाळी घरी येऊन पाठ टेकली ती पाचलाच उठले. गुरुवारी मला सुट्टी आहे, चारला घर बघायला येऊ का?”

इथे थांबायचं. पुढे ‘दवाखान्यात किती माणसं कमी आहेत’ हे सुरू करायचं नाही. ती म्हणेल, “असू दे गं, पण सगळ्यांनी विचारलं तुझं.” हा टोमणा वाटला तरी उत्तर एवढंच: “विचारणारच. माझ्यामुळे तुला उत्तरं द्यायला लागली.”

भेटीला वार आणि वेळ दोन्ही सांगावी, ‘येते कधीतरी’ म्हणजे न येणं. आठ दिवसांच्या आत जावं, तोवर दाराचं तोरणही सुकलेलं नसतं. आहेर त्याच वेळी हातात द्यावा: नारळ, खण, पाकीट. माफीच्या निरोपाबरोबर मोबाइलवरून पैसे पाठवले तर ते दंड भरल्यासारखं दिसतं आणि ताईला ते परत करावेसे वाटतात. गेल्यावर घर सगळं फिरून बघावं, गच्चीसकट. घरभरणीला येणाऱ्याकडून तिला तेच हवं होतं.

जिथे हे पुरत नाही

तुमच्याकडे काम सोपवलेलं असेल तर खरं कारणही तोकडं पडतं. बारशाला आत्याच नसेल तर बाळाच्या कानात नाव सांगायला ऐनवेळी दुसरी शोधावी लागते, लग्नात मामाचंही तसंच. तिथे दुसऱ्या दिवशीच्या फोनवर भागत नाही, त्याच संध्याकाळी बोलावं आणि एक-दोन दिवसांत घरी जावं. दुःखाच्या घरी, दहाव्याला किंवा तेराव्याला जाणं चुकलं असेल तर दमव्याचा उल्लेखच करू नये. ‘यायला हवं होतं, आलो नाही’ एवढं म्हणून समोर बसावं. विचारलं तरच कारण सांगावं.

आणि तेच कारण त्याच घरी दुसऱ्यांदा चालत नाही. पुढच्या आमंत्रणाच्या वेळी ड्युटीचा तक्ता बघून आधीच सांगावं: “जेवणाला जमणार नाही, संध्याकाळी सहाला हळदीकुंकवाला येते.” आणि सहाला पोचावं.